बातमीतल्या चुकीची दुरुस्ती कशी लिहावी

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी बहुधा अशी चौकट येते:

> ‘कालच्या अंकातील धरणसाठ्याच्या बातमीत तांत्रिक कारणामुळे काही आकडे अनवधानाने चुकीचे प्रसिद्ध झाले. वाचकांनी कृपया नोंद घ्यावी. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

यात कोणते धरण, कोणता आकडा, बरोबर आकडा कोणता, यातले काहीच नाही. वाचकाने नोंद कशाची घ्यायची? हीच चौकट नीट कशी लिहायची, ते एका काल्पनिक पण नेहमी घडू शकणाऱ्या उदाहरणातून पाहू.

समजा, १२ ऑगस्टच्या अंकात पहिल्या पानावर मथळा होता, ‘उजनी ७७ टक्के भरले’. धरणात त्या दिवशी एकूण ९०.४४ टीएमसी पाणी होते आणि हा आकडा बरोबरच छापला होता. टक्केवारी मात्र चुकली.

आधी चूक नेमकी कुठे झाली ते शोधा. उजनीची एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी आहे. त्यातले ६३.६६ टीएमसी मृतसाठ्याचे, म्हणून वापरायचा उपयुक्त साठा फक्त ५३.५७ टीएमसी. धरण किती टक्के भरले हे या उपयुक्त साठ्यावरून सांगतात. उन्हाळ्यात उजनी ‘वजा’त गेल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. बातमीदाराने एकूण साठ्याला एकूण क्षमतेने भागले आणि ७७ टक्के आले. खरे तर ९०.४४ मधून ६३.६६ वजा केल्यावर उरतात २६.७८ टीएमसी, म्हणजे ५० टक्के. हा हिशेब करून थांबू नका. जलसंपदा विभागाच्या त्या दिवसाच्या तक्त्याशी तो ताडून पाहा. दुरुस्तीतही चूक राहिली, तर तिसऱ्या दिवशीच्या चौकटीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

मग त्या आकड्यावर आणखी काय उभे होते ते पाहा. ही पायरी सर्वांत जास्त वेळा सुटते. बातमीत पुढे म्हटले असेल, ‘गेल्या वर्षी याच दिवशी ६० टक्के साठा होता, त्यामुळे यंदा स्थिती चांगली आहे.’ गेल्या वर्षीचा आकडा उपयुक्त साठ्याचा असेल, तर टक्का बदलताच निष्कर्ष उलटा होतो. उसाला पाणी किती आवर्तनांत मिळेल याचा अंदाज बांधणारा शेतकरी हेच वाक्य लक्षात ठेवतो. ते दुरुस्त केले नाही, तर दुरुस्ती अर्धीच राहिली.

आता लिहा. पहिल्या वाक्यात तारीख, पान आणि चुकीचे विधान. लगेच बरोबर माहिती. कारण एकाच वाक्यात, आणि तेही वाचकाला चूक समजायला उपयोगी असेल तरच.

> दुरुस्ती: १२ ऑगस्टच्या अंकात पहिल्या पानावर ‘उजनी ७७ टक्के भरले’ अशी बातमी आम्ही दिली. ती चुकीची होती. उजनीत त्या दिवशी ५० टक्के उपयुक्त साठा होता. आम्ही मृतसाठाही हिशेबात धरला होता. साठा गेल्या वर्षीपेक्षा जास्त असल्याचे विधानही चुकीचे आहे. गेल्या वर्षी याच दिवशी तो ६० टक्के होता. या चुकीबद्दल दिलगीर आहोत.

‘आम्ही दिली’ हे मुद्दाम आहे. ‘प्रसिद्ध झाले’ म्हटले की चूक कोणी केलीच नाही असे वाटते. ‘तांत्रिक कारण’ तर खोटेच आहे, कारण इथे छपाईयंत्र चुकलेले नाही, हिशेब चुकला आहे. ‘अनवधानाने’ काढून टाका. मुद्दाम चूक केली असे कोणी म्हटलेले नाही. ‘आमचा हेतू’, ‘सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’, ‘काही वाचकांचा गैरसमज झाला’ यांनाही जागा देऊ नका. शेवटचे तर सरळ वाचकावर दोष टाकते. दिलगिरीचे एक वाक्य पुरते. दोन-तीन झाली की मूळ माहिती मागे पडते.

चुकीचे विधान पुन्हा छापण्याला एक अपवाद आहे. चुकीने एखाद्या व्यक्तीची बदनामी झाली असेल, तर तो आरोप जसाच्या तसा पुन्हा देऊ नका. ‘बातमीतील व्यक्तीवर कोणताही गुन्हा दाखल नाही’ असे बरोबर तेवढेच सांगा, आणि अशी चौकट छापण्याआधी वकिलाला दाखवा.

जागा. भारतीय प्रेस परिषदेच्या पत्रकारितेच्या निकषांनुसार दुरुस्ती तत्परतेने आणि योग्य ठळकपणे द्यायला हवी. पहिल्या पानावरच्या मथळ्याची दुरुस्ती आतल्या पानावर जाहिरातींच्या खाली टाकली, तर ती ठळक म्हणता येणार नाही. संकेतस्थळावर मथळा आणि मजकूर दोन्ही बदला, आणि काय बदलले ते तारीख-वेळेसह बातमीच्या वरच लिहा. नुसता आकडा गुपचूप बदलला, तर जुन्या आकड्याचा फोटो मोबाइलवर फिरत राहतो आणि त्यातले खरे कोणते हे वाचकाला कळत नाही.

छापण्याआधी ही चौकट मूळ बातमी न वाचलेल्या सहकाऱ्याला द्या आणि उजनीत किती उपयुक्त साठा आहे ते विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर चौकट पुन्हा लिहा.