उलट्या यूच्या मागे: कुझनेट्सवर डिझर्टेशन घेणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी कुझनेट्स वक्र घेतला. कारण अगदी साधं होतं: आकृती सोपी होती. आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न, उभ्या अक्षावर विषमता आणि मधे उलटा यू. देश गरीब असताना विषमता कमी, श्रीमंत व्हायला लागला की वाढते, पुरेसा श्रीमंत झाला की पुन्हा उतरते. मला वाटलं होतं, डेटा घ्यायचा, रिग्रेशन चालवायचं, यू उलटा आला की प्रकरण संपलं. तसा तो आलाही. खरं काम त्यानंतर सुरू झालं आणि तेच इथे सांगतेय, कारण दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी हाच विषय घेऊन येतात आणि त्याच जागी अडकतात.

आधी मूळ निबंध वाचा. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचून थांबू नका. सायमन कुझनेट्स यांनी १९५४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून भाषण केलं आणि ते १९५५ मध्ये छापलं गेलं. त्यात आकृती नाहीच. आपण परीक्षेत काढतो तो वक्र त्यांनी काढलेला नाही. हाताशी अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनीची काही दशकांची आकडेवारी होती आणि विषमता उतरताना दिसत होती ती मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात. विषमता वाढण्याचा भाग तर बहुतांशी तर्कानेच मांडलेला. शेवटी ते स्वतःच म्हणतात की या निबंधात जेमतेम पाच टक्के माहिती आहे आणि पंच्याण्णव टक्के अंदाज, त्यातही थोडी इच्छा मिसळलेली असू शकेल. इतकं प्रांजळ वाक्य लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर पुढच्या वीस वर्षांत 'नियम' चिकटला, याची मला अजून गंमत वाटते.

आता तर्क काय होता ते हाताने करून बघा. मला माझ्या गाईड मॅडमनी संगणक बंद करायला लावून हेच करायला लावलं होतं. "आधी दहा माणसं घे," त्या म्हणाल्या, "देश नंतर."

समजा दहा माणसांचा देश आहे. गावात प्रत्येकाला महिन्याला १०० रुपये मिळतात, शहरात ३००. कोणाचीही मजुरी कधी वाढत नाही. फक्त एकेक जण गाव सोडून शहरात जातो. दोनच गट असले आणि प्रत्येक गटाच्या आत सगळे समान असले, तर गिनी गुणांक काढायला सूत्रही पाठ करावं लागत नाही: शहरवाल्यांचा उत्पन्नातला वाटा, वजा लोकसंख्येतला वाटा. सगळे गावात असताना गिनी शून्य. एक जण शहरात गेला की एकूण उत्पन्न १२०० आणि त्यातले ३०० त्याचे, म्हणजे ०.२५, त्यातून ०.१ वजा केले की ०.१५. दोघं गेले की ०.२३. चौघं गेले की ०.२७. इथे माथा येतो. पाच जणांना ०.२५, आठ जणांना ०.१२, नऊ जणांना ०.०६ आणि सगळे शहरात पोहोचले की पुन्हा शून्य.

झाला की उलटा यू! त्यासाठी सरकारने काही केलं नाही, कोणाचं शोषण वाढलं नाही की कमी झालं नाही. नुसत्या स्थलांतराच्या अंकगणितातून तो आला. कुझनेट्स यांनीही असेच छोटे तक्ते मांडले होते, शेतीतल्या लोकांचं प्रमाण ०.८ वरून ०.२ पर्यंत खाली आणत. हे कळलं की या कल्पनेचं आकर्षणही कळतं आणि तिची कच्ची बाजूही.

कच्ची बाजू पाहायची तर त्याच दहा माणसांत एकच बदल करा. शहराची सरासरी ३०० च ठेवा, पण तिथे निम्म्यांना १०० आणि निम्म्यांना ५०० मिळू द्या. शहर म्हटलं की हे आलंच. गावापेक्षा शहरात आतली विषमता जास्त, हे कुझनेट्स स्वतःही धरून चालले होते. आता दोघं शहरात असताना गिनी ०.२६, चौघं असताना ०.३६, सहा जण असताना ०.३८, आठ असताना ०.३७ आणि सगळे शहरात आले तरी ०.३३. उतार जवळपास नाहीसाच झाला. चढ राहिला आणि वर सपाट पठार. म्हणजे उतरण स्थलांतरातून आपोआप मिळत नाही, तिला वेगळं कारण लागतं. कुझनेट्स यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी शहरात जन्मलेल्या पुढच्या पिढीची वाढती राजकीय ताकद, वारसा कर, भाडेनियंत्रण, महागाईने झिजणारी जुनी संपत्ती अशी कारणं शोधली. 'श्रीमंत झाले की विषमता आपोआप कमी होते' हे वाक्य त्यांच्या निबंधात नाही, आपल्या नोट्समध्ये आहे.

आता माझी चूक. मी साठ-सत्तर देशांचा एकाच काळाचा डेटा घेतला होता आणि हे चालवलं होतं:

```
lm(gini ~ lny + I(lny^2), data = d)
```

`lny` म्हणजे दरडोई उत्पन्नाचा लॉग. लॉगचा सहगुणक धन, त्याच्या वर्गाचा ऋण, दोन्ही ठळकपणे लक्षणीय. मी पेढे वाटायचीच बाकी होते. असाच निष्कर्ष माँटेकसिंग अहलुवालिया यांनी १९७६ मध्ये साठ देशांच्या आकडेवारीवरून काढला होता, त्यामुळे मला आणखीच बळ आलं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "तुझ्या टेकडीच्या माथ्यावर कोण बसलंय, नावं वाच बरं." मी वाचली. ब्राझील, मेक्सिको, कोलंबिया, पेरू, पनामा. मधल्या उत्पन्नाचे, प्रचंड विषमतेचे, आणि जवळजवळ सगळे लॅटिन अमेरिकेतले. तिथली विषमता वसाहतकाळापासूनच्या मोठ्या जमीनमालकीतून आली आहे, हे त्या देशांचा इतिहास वाचला की कळतं. ते मधल्या उत्पन्नावर आहेत म्हणून विषम आहेत, असं माझं रिग्रेशन सांगत होतं. ते विषम आहेत आणि योगायोगाने मधे आहेत, असंही असू शकत होतं.

```
lm(gini ~ lny + I(lny^2) + latam, data = d)
```

लॅटिन अमेरिकेचा डमी टाकला आणि टेकडी बसली. वर्गाच्या पदाचा सहगुणक शून्याकडे सरकला, लक्षणीयता गेली. रात्री साडेअकराला हॉस्टेलच्या खोलीत मी ते तीन वेळा चालवलं, जणू चौथ्यांदा परत येईल.

त्यातून मूळ गोष्ट ध्यानात आली. वेगवेगळ्या देशांचा एका वर्षीचा फोटो म्हणजे एका देशाचा प्रवास नव्हे. भारत उद्या ब्राझील होईल आणि परवा स्वीडन, हे त्या आकृतीत गृहीत धरलेलं असतं, सिद्ध केलेलं नसतं. एका देशाच्या आतला प्रवास बघायचा तर `factor(country)` घालून देशवार फिक्स्ड इफेक्ट घ्यावे लागतात आणि त्यासाठी प्रत्येक देशाची अनेक वर्षांची आकडेवारी लागते. ती १९९० च्या दशकात डायनिंगर आणि स्क्वायर यांनी गोळा केली. देशादेशाच्या आत पाहिल्यावर बहुतेक ठिकाणी उलटा यू सापडलाच नाही. तैवानने तर उलटंच करून दाखवलं: जमीनसुधारणा आधी, मग वेगवान वाढ, आणि वाढीच्या पहिल्या दशकांतच विषमता खाली.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी, कारण ती डेटाच्या रकान्यात स्पष्ट लिहिलेली होती. भारताचा गिनी उपभोग खर्चावर मोजलेला असतो, लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांचा उत्पन्नावर. श्रीमंत माणूस सगळं उत्पन्न खर्च करत नाही, बचत करतो. गरीब अडचणीत उसनं घेऊन खातो. त्यामुळे खर्चाचा गिनी सहसा कमी येतो. मी दोन्ही एकाच स्तंभात भरले होते. म्हणजे गरीब आशियाई देश खोटेच समान दिसत होते आणि टेकडीची डावी बाजू काही अंशी मोजपट्टी बदलल्यामुळे उभी राहिली होती. युनायटेड नेशन्स युनिव्हर्सिटीच्या हेलसिंकीतल्या संस्थेचा WIID डेटा वापरत असाल तर `resource` हा रकाना आधी उघडा. डायनिंगर-स्क्वायर यांनी खर्चाच्या गिनीत ६.६ गुण मिळवायचा उपाय सुचवला होता, पण सगळ्या देशांना एकच आकडा चिकटवणं मला पटत नाही. जमलं तर एकाच प्रकारचे आकडे ठेवा, देश कमी झाले तरी चालतील.

आणखी एक तपासणी पाच मिनिटांत होते. माथा कुठे येतो ते काढा: `exp(-b1/(2*b2))`. `b1` लॉगचा सहगुणक, `b2` वर्गाचा. येणारं उत्पन्न तुमच्या डेटातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्याही पुढे असेल, तर तुमच्याकडे टेकडी नाही, नुसता मंदावत जाणारा चढ आहे. माझ्यानंतरच्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात माथा चक्क डेटाच्या बाहेर पडला होता आणि तरी निष्कर्षात 'गृहीतक सिद्ध झाले' असं होतं.

ज्या अमेरिकेच्या उतारावर सगळी इमारत उभी राहिली, तिचं पुढे काय झालं? वरच्या दहा टक्क्यांचा उत्पन्नातला वाटा १९२० च्या दशकात ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर होता, १९४० च्या दशकाच्या अखेरीस साधारण ३०-३५ पर्यंत उतरला. कुझनेट्स यांनी हेच मोजलं होतं. १९८० नंतर तो पुन्हा चढला आणि या शतकात जुन्या पातळीला जाऊन भिडला. थॉमस पिकेटी यांचं म्हणणं असं की तो उतार श्रीमंतीचा नव्हता, दोन महायुद्धं, महामंदी आणि जबर करांचा होता. ब्रँको मिलानोविच मात्र वक्र टाकून देत नाहीत. ते म्हणतात, ही एक टेकडी नसून लाटा आहेत. तंत्रज्ञान आणि जागतिकीकरणाने दुसरी लाट उठली. मला हे थोडं सोयीचं वाटतं, कारण वर गेलं तरी लाट, खाली आलं तरी लाट. पण व्हायव्हात विचारतात, म्हणून वाचून जा.

मलाही बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलंच. "भारत या वक्रावर डावीकडे आहे की उजवीकडे?" मी शांसेल आणि पिकेटी यांची करविवरणांवर आधारलेली मालिका सांगितली: वरच्या एक टक्क्याचा वाटा स्वातंत्र्यानंतर घटत १९८० च्या सुमारास ६ टक्क्यांपर्यंत आला आणि आता २० च्या वर आहे. म्हणजे देश गरीब असताना आधी उतार, मग चढ, सरळ यू. ते हसून म्हणाले, "आणि खर्चाच्या सर्वेक्षणातला गिनी?" त्यात एवढा चढ दिसत नाही, मी म्हणाले. सर्वेक्षणवाला माणूस फार श्रीमंतांच्या दारातून आत पोहोचत नाही, आणि करविवरण भरणारे आपल्याकडे मूठभर. दोन्ही मालिका शेजारी ठेवून मी एक पान वाढवलं, बाइंडिंग पुन्हा करून आणलं, आणि शीर्षकातला 'सिद्धता' हा शब्द काढून तिथे 'पडताळणी' टाकला.