नेट चालू असतानाच राउटरचं पान बघून ठेवा

डिचोलीच्या मावशीकडे पावसाळ्यात नेट गेलं की ती राउटर बंद-चालू करत बसायची. म्हणून यंदा मृगाआधीच, नेट नीट चालू असताना, आम्ही एक तयारी करून ठेवली: राउटरची स्थिती दाखवणारं, ब्राउझरमध्ये उघडणारं त्याचं स्वतःचं पान बघून ठेवलं.

आधी राउटर उलटा करून खालच्या स्टिकरचा फोटो काढला. पानाचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड बहुधा तिथेच छापलेले असतात. वायफायचा पासवर्ड वेगळा असतो, दोन्हींची गल्लत करू नका. स्टिकर पुसट झाला असेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारा. तिथे Gateway किंवा Router यापुढे दिसणारा आकडा हाच पत्ता. मावशीकडे तो 192.168.1.1 निघाला.

आता मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर नेट नसलेलं वायफाय सोडून फोन मोबाइल डेटाने जायला बघतो आणि पान उघडत नाही. पत्ता गुगलच्या शोधात नको, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत असा लिहा:

```
http://192.168.1.1
```

‘सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर घाबरू नका. हे पान घरातल्याच डब्यातून येतंय. बाहेरचं नेट बंद असलं तरी ते उघडतं, म्हणून तर त्याचा उपयोग.

आत Status वर जा आणि चांगल्या दिवसाचे तीन आकडे वहीत उतरवा. Uptime म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे. WAN समोरचा IP म्हणजे कंपनीकडून मिळालेला पत्ता. फायबरची जोडणी असेल तर Rx Power म्हणजे तारेतून घरापर्यंत पोचणारा प्रकाश. हा आकडा उणे असतो आणि शून्यापासून जितका लांब, तितका प्रकाश कमी. साधारण -27 च्या पलीकडे गेला की जोडणी डळमळते. मावशीच्या वहीत -22 लिहिलं होतं.

जुलैत एका संध्याकाळी नेट गेलं. वायफायच्या रेघा पूर्ण होत्या, पण त्या फक्त फोन ते राउटर एवढंच सांगतात. मावशीने फोनवर वाचून दाखवलं: Uptime ११ दिवस, म्हणजे विजेचा दोष नाही. WAN चा IP 0.0.0.0, म्हणजे पत्ताच मिळालेला नाही. बिल थकलं तरी असं दिसू शकतं, म्हणून तिसरा आकडा महत्त्वाचा: -29. सात अंकांची घट म्हणजे प्रकाश जेमतेम पाचवा हिस्सा उरला. दोष तारेत होता. मावशीने कंपनीला -22 आणि -29 हे दोन्ही आकडे सांगितले. दुसऱ्या दिवशी आलेला लाइनमन थेट माडाखाली गेला, पडलेल्या चुडताने तिथे केबल मुडपली होती.

त्या पानावर Factory Reset लिहिलेलं दिसेल, त्याला हात लावू नका. कंपनीने भरलेलं लॉगिन त्याने पुसलं जाऊ शकतं आणि मग तार दुरुस्त झाली तरी नेट येत नाही.