यूकेच्या ड्रायव्हिंग थिअरी टेस्टमध्ये हात थरथरत असतील तर

स्क्रीनसमोर बसलं की माउसवरचा हात थरथरतो, प्रश्न दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. खरा पेपर सुरू होण्याआधी सरावासाठी वेळ मिळतो, तो सोडू नका.

१. तळहात टेबलावर सपाट ठेवा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असं पाच वेळा. घाईने खोल श्वास घेतलेत तर उलट गरगरतं.

२. अडलेला प्रश्न फ्लॅग करून पुढे जा. ५० प्रश्नांना ५७ मिनिटं आहेत, परत येता येतं.

३. नंतरच्या तीन मिनिटांच्या ब्रेकमध्ये पुन्हा तसाच श्वास घ्या.

ब्रेकनंतर रस्त्यावरचे धोके दिसताच क्लिक करायचे हॅझर्डचे व्हिडिओ असतात; त्यात मात्र घाबरून सारखं क्लिक करू नका, त्या क्लिपला शून्य मिळतं.