तीन स्लाइडचा लायटनिंग टॉक: या चुका टाळा

पाच मिनिटांचा टॉक फसतो तो बहुतेक वेळा बोलणाऱ्याकडे फक्त विषय असतो म्हणून. सांगायचं म्हणणं ठरलेलंच नसतं. ‘डेटाबेस बॅकअप’ हा विषय झाला. ‘रिस्टोर करून पाहिला नाही, तर तो बॅकअप धरू नका’ हे म्हणणं झालं. ओळखायची खूण सोपी आहे. सहकाऱ्याला टॉक ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा, काय सांगितलं होतं? ‘बॅकअपबद्दल काहीतरी’ असं उत्तर आलं, तर स्लाइड सजवत बसू नका, आधी ते एक वाक्य नीट लिहा.

आता हाच टॉक बांधू. पहिल्या स्लाइडवर नाव, हुद्दा, कंपनीचा लोगो नको. सूत्रसंचालकाने तुमची ओळख करून दिलेलीच असते. तिथे थेट ही कमांड आणि खाली फाइलचा आकार, २० बाइट:

```
pg_dump shop | gzip > shop.sql.gz
```

`pg_dump` ला लॉगिनच झालं नाही, तरी `gzip` रिकाम्या इनपुटची २० बाइटची फाइल इमानदारीत बनवतो. शेलमध्ये पाइपचा निकाल सहसा शेवटच्या कमांडवरून ठरतो, म्हणून स्क्रिप्ट ‘यशस्वी’ म्हणते. हे कळायला दीड मिनिट पुरतं.

इथेच मोह होतो: `set -o pipefail` पण सांगून टाकू! नको. ते उपयोगाचं आहे, पण ती दुसरी कल्पना झाली. ऐकणारे तीच लिहून घेतील आणि रिस्टोर विसरतील. कोणी नंतर विचारलं, तर चहाच्या वेळी सांगा.

दुसऱ्या स्लाइडवर उपाय: दर आठवड्याला रिकाम्या डेटाबेसमध्ये बॅकअप चढवा, एका मुख्य टेबलच्या ओळी मोजा, आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर अलर्ट. याला दोन मिनिटं. लाइव्ह डेमोच्या भानगडीत पडू नका, वायफायची वाट बघण्यात अर्धा वेळ जातो. आउटपुटचा स्क्रीनशॉट पुरे, तोही चार-पाच ओळींचा, मागच्या रांगेतून वाचता येईल एवढा मोठा.

तिसऱ्या स्लाइडवर लोक ‘धन्यवाद’ लिहितात. टाळ्या वाजत असताना, लोक फोटो काढत असताना हीच स्लाइड पडद्यावर राहते, म्हणून तिथे आपलं ते एक वाक्य मोठ्या अक्षरात हवं. पाऊण मिनिट.

बेरीज सव्वाचार मिनिटं. उरलेली पाऊण मिनिट शिल्लक नाही. केबल, माइक आणि एखादा हशा ती खातात. सरावात पाच मिनिटं लागत असतील, तर भरभर बोलून वेळ वाचवू नका, मजकूर कापा. आणि दुसऱ्या स्लाइडमधलं एक वाक्य आधीच हेरून ठेवा, जे गाळलं तरी काही अडत नाही. अलर्ट कुठे पाठवायचा, हे तसलंच. उशीर झालाच, तर ते सोडून सरळ तिसऱ्या स्लाइडवर जा.