पोटात रॉकेल गेलं तर: रंगकाम निघालेल्या घरासाठी तयारीची यादी

जावेकडे दिवाळीआधी रंगकाम निघालंय. तिची मुलगी चौदा महिन्यांची, धरून धरून चालतेय आणि हाताला लागेल ते तोंडात घालतेय. ती म्हणाली, ताई, तुमच्याकडे मागे झालं होतं ना, मग काय तयारी ठेवायची ते लिहूनच द्या. म्हणून हे लिहितेय. वस्तू उंचावर ठेवा, झाकण लावा, हे कुणाला सांगायला नको. आम्हालाही ते माहीत होतं आणि तरीही झालं.

यादीत पहिली गोष्ट बाटली. म्हणजे पोराने ज्यातून प्यायलं ती बाटली, वाटी, डबा, जे असेल ते, जसंच्या तसं उचलून दवाखान्यात न्यायचं. मी हेच विसरले होते, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये गॅलरीचं ग्रिल रंगवायला घेतलं होतं. पेंटरने पाण्याची बाटली अर्ध्यात कापून त्यात ब्रश भिजत टाकले होते. धाकटा तेव्हा दीड वर्षाचा. मी कुकर लावायला आत गेले आणि पहिल्या शिट्टीच्या आधीच गॅलरीतून ठसक्याचा आवाज आला. धावत गेले तर ब्रश फरशीवर, याचं बनियन ओलं, डोळ्यांतून पाणी आणि तोंडाला रॉकेलचा भपकारा. मी त्याला उचललं, पालथं केलं आणि घशात बोट घातलं. सासूबाई मिठाचं पाणी घेऊन आल्या. त्याला उलटी झाली तेव्हा आम्हा दोघींना हायसं वाटलं. निघालं एकदाचं बाहेर! पण आधीचा ठसका मिनिटाभरात थांबत आला होता, आणि उलटीनंतर जो खोकला सुरू झाला तो रिक्षात बसलो तरी थांबेना.

का ते डॉक्टरांनी नंतर समजावलं, आणि त्यानंतर मला कुणी उलटी काढा म्हटलं की अंगावर काटा येतो. रॉकेल पाण्यापेक्षा पातळ पसरतं. फरशीवर थेंब सांडला की त्याचा केवढा डाग होतो ते आठवा. पोटात गेलेलं रॉकेल तिथे फारसं काही करत नाही. रक्तात थोडंच शोषलं जातं, मळमळतं, पोट दुखतं, जुलाब होतात. खरा धोका फुफ्फुसाचा. घशात अन्ननलिकेचं आणि श्वासनलिकेचं तोंड शेजारी शेजारी असतं. गिळताना एकदा रॉकेल त्या तोंडाजवळून गेलेलं असतं, आणि उलटी काढली की तेच पुन्हा, जोरात, रडणाऱ्या पोराने श्वास आत ओढण्याच्या नेमक्या वेळी तिथून वर येतं. चमच्याचा काही भाग जरी श्वासनलिकेत उतरला तरी तो तिच्या आतून पसरत खोल जातो. फुफ्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून एक पातळ साबणासारखा लेप असतो, त्यामुळे ते मिटून चिकटत नाहीत. रॉकेल तो लेपच धुऊन काढतं. मग फुगे मिटतात, आतून सूज येते, पाणी भरतं. हा जंतूंचा न्यूमोनिया नव्हे, रसायनाने भाजल्याचा न्यूमोनिया.

म्हणून बोट नाही, मिठाचं पाणी नाही, मोहरीचं पाणी नाही. मिठाचं पाणी तर लहान मुलाच्या रक्तातलं मीठ एकदम वाढवतं, त्यानेच झटके येऊ शकतात. तूप, तेल नको. दूधही नको, पोट भरलं की आपोआप उलटी व्हायची शक्यता वाढते. घरातल्या मोठ्यांना हे आज सांगून ठेवा, कारण त्या क्षणी तुमचं कुणी ऐकणार नाही. सासूबाईंना मी दोष देत नाही, बोट माझंच होतं.

मग करायचं काय? तोंडात उरलेलं ओल्या फडक्याने पुसून काढा. ओले कपडे काढून टाका आणि अंग साबणाच्या पाण्याने धुवा, कारण रॉकेल कातडीलाही भाजतं आणि कपड्यातून उठणारी वाफ पोर हुंगत राहतं. पण अंघोळ घालत बसू नका, दोन मिनिटं पुरेत. मूल शुद्धीत असेल तर कडेवर ताठ धरा. आपोआप उलटी होत असेल तर मांडीवर पालथं घ्या, डोकं कमरेपेक्षा खाली, म्हणजे आलेलं बाहेरच पडेल. पेंगुळलं असेल तर डाव्या कुशीवर. उभं करून पळवत नेऊ नका.

आणि बाटली. आत्ताच, निघण्याआधी, उचलून पिशवीत.

आमचं काय झालं ते ऐका. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, काय प्यायलं? मी म्हटलं रॉकेल. कशावरून? वासावरून. नुसतं रॉकेल की त्यात थिनर, टर्पेंटाइन? मला काय माहीत! घरी फोन लावला तर पेंटरने घाबरून ती कापलेली बाटली मोरीत ओतून, धुऊन ठेवली होती. त्याला फोन केला, तो म्हणाला, जुन्या डब्यातलं घेतलं होतं, पण त्या डब्यात पूर्वी काय होतं ते सांगता येणार नाही. डॉक्टरांचा चेहरा तेव्हा मी पाहिला. नाशिकमध्ये तर हा प्रश्न फुकाचा नाही. इथे द्राक्षबागांसाठीची कीटकनाशकं घराघरांत, शेडमध्ये असतात आणि त्यातली बरीच रॉकेलसारख्याच द्रावणात विरघळवलेली असतात, वासही तसाच. ती पोटात गेली असतील तर उपचार अगदी वेगळे, उतारा वेगळा, घाईही वेगळी. नुसतं रॉकेल असेल तर डॉक्टर पोटही धुवत नाहीत, नळी घालताना तीच उलटी होण्याचा धोका असतो. कीटकनाशक असेल तर त्यांना वेगळा विचार करावा लागतो. हा फरक बाटलीवरून कळतो. लेबल नसेल तरी उरलेलं द्रव कळतं. म्हणून ओतायचं नाही, धुवायचं नाही. बूच घट्ट लावून पिशवीत, पिशवी हातात. पोर एकाकडे, पिशवी दुसऱ्याकडे. पिशवी कोण धरणार हे आजच ठरवा.

पेंटरलाही पहिल्याच दिवशी सांगा: मिसळलेलं काही पिण्याच्या बाटलीत ठेवायचं नाही, आणि काय काय मिसळलं ते डब्यावर मार्करने लिहायचं. तो हसेल. हसू दे.

फोन. १०८ रुग्णवाहिकेला, किंवा ११२. शिवाय दिल्लीच्या एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा नंबर १८०० ११६ ११७ मोबाईलमध्ये साठवा आणि फ्रिजवरही चिकटवा. तो फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो. फोनवर सांगायला चार गोष्टी लागतात: वय, वजन, काय आणि अंदाजे किती, किती वाजता. वजन शेवटच्या लसीच्या वेळचं कार्डावर असतंच. किती प्यायलं हे कुणालाच कळत नाही, पण या वयाच्या मुलाचा एक घोट म्हणजे साधारण चहाचा चमचाभर असतो. बाटलीत आधी किती होतं, आता किती उरलंय, हेही सांगता येतं. बाटली असेल तर.

कुठे जायचं हेही आधी बघून ठेवा. रात्री-बेरात्री बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्सिजन असेल अशी जागा हवी. नुसता जवळचा दवाखाना नको, तिथून पुढे पाठवण्यात वेळ जातो. जावेच्या घरासाठी त्र्यंबक नाक्याचं जिल्हा रुग्णालय आहे, पण संध्याकाळी मुंबई नाक्याला किती वेळ लागतो ते एकदा जाऊन बघा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर वाट बघत थांबू नका, रिक्षा घ्या. पोर निळं पडत असेल किंवा श्वास घेत नसेल तर १०८ ला स्पष्ट तसं सांगा आणि फोन चालूच ठेवा.

स्वच्छतेच्या वस्तूंचं थोडक्यात. संडास साफ करायचं द्रव आम्लाचं असतं, तुंबलेली मोरी मोकळी करायची पावडर कॉस्टिक सोड्याची. दोन्ही गिळताना अन्ननलिका भाजतात आणि उलटी काढली की तीच जागा दुसऱ्यांदा भाजते. आम्ल प्यायलं म्हणून सोडा, सोडा प्यायलं म्हणून लिंबू, हे नको, दोन्ही भेटले की आत उष्णता निर्माण होते. तोंड पुसा, ओठ-हनुवटी पाण्याने धुवा, पाण्याचा घोटही डॉक्टरांना विचारून. तोंडात फोड नाही म्हणून खाली काही झालं नसेल असं नाही. लाळ गळतेय, गिळायला तयार नाही, आवाज बसला, म्हणजे खाली भाजलंय. इथेही बाटली न्या, लेबलवर आम्ल की अल्कली ते लिहिलेलं असतं.

दवाखान्यात: काय उपाय केले ते खरं सांगा. मला उलटी काढल्याचं सांगायला लाज वाटली म्हणून मी दहा मिनिटं गप्प होते. मूल बरं दिसलं तरी निदान सहा तास ठेवून घेतात. एक्स-रे सुरुवातीला साफ येऊ शकतो, म्हणून तो काही तासांनी काढतात. आमचा दुपारी साफ होता, संध्याकाळी उजव्या बाजूला खाली पांढुरका ठिपका. दोन दिवस ऑक्सिजन, चौथ्या दिवशी घरी.

घरी आल्यावर ताप, खोकला वाढणं, पेंगणं, श्वास वाढणं याकडे लक्ष ठेवा. शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट मोजा. एक वर्षावरच्या मुलात चाळीस किंवा जास्त, नाहीतर बरगड्यांखाली खड्डे पडतायत, नाहीतर कण्हतंय, तर परत दवाखान्यात. आम्ल-सोड्याचं असेल तर गिळण्याचा त्रास काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो, तारीख दिली असेल तर चुकवू नका.

पेंटर सोमवारी येतोय. घट्ट झाकणाची प्लास्टिक बरणी, जाड पिशवी आणि मार्कर मी आज संध्याकाळी जावेकडे घेऊन जातेय. बरणी ब्रशसाठी, मार्कर पेंटरच्या हातात, पिशवी दरवाजामागच्या खुंटीवर.