ई-मेलचा विषय : शेवटचा शब्द आधी आणा

विषयाची ओळ सुधारायची म्हणजे ती छोटी करायची, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धवट आहे. मीही बरेच दिवस तेच केले. लांबलचक ओळीतले शब्द खोडत गेलो की शेवटी ‘वेळापत्रकाबाबत’ एवढेच उरायचे. ओळ छोटी व्हायची खरी, पण कोणते वेळापत्रक आणि त्याचे वाचणाऱ्याने काय करायचे, हे मेल उघडल्याशिवाय कळायचे नाही, आणि मेल तर उघडलाच जात नसे.

मेल लिहून पूर्ण झाल्यावरच विषयाला हात घाला. एका मेलमध्ये दोन वेगळ्या मागण्या असतील, तर दोन मेल करा.

आता अवघड भाग. पुढील ओळ पाहा :

‘मागील आठवड्यात झालेल्या बैठकीत ठरल्याप्रमाणे प्रशिक्षण कार्यक्रमाच्या सुधारित वेळापत्रकास आपली मान्यता मिळणेबाबत’

या ओळीत चूक काहीच नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. मराठी वाक्यात मुद्द्याचा शब्द शेवटी येतो. आधी संदर्भ, मग वस्तू आणि सर्वांत शेवटी क्रिया. अर्जावर विषय लिहिण्याची सवयही आपल्याला तशीच लागलेली असते. फोनवरच्या यादीत मात्र ओळीचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो. तो किती लांब असेल, हे पडद्याच्या रुंदीवर आणि अक्षरांच्या आकारावर ठरते, पण पहिल्या चार-पाच शब्दांपलीकडे भरवसा धरू नये. म्हणजे वरच्या ओळीतून वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते ते ‘मागील आठवड्यात झालेल्या बैठकीत…’ एवढेच. मान्यता मागितली आहे, हे त्याला दिसतच नाही.

म्हणून शब्द खोडण्याआधी स्वतःला विचारा : हा मेल वाचून समोरच्याने काय करायचे आहे आणि कधीपर्यंत? उत्तर मोठ्याने, बोलल्यासारखे द्या. वरच्या उदाहरणात ते असे येईल : ‘साहेब, सुधारित वेळापत्रकाला १४ तारखेपर्यंत मान्यता हवी आहे.’ या उत्तरातली क्रिया उचलून ओळीच्या तोंडाशी ठेवा, तिच्यामागे मुदत आणि मग वस्तू :

‘मान्यता हवी, १४ जूनपर्यंत : प्रशिक्षण कार्यक्रमाचे सुधारित वेळापत्रक’

ही ओळ व्याकरणाने पूर्ण वाक्य नाही म्हणून अवघडल्यासारखे वाटेल. मलाही वाटत असे, आणि त्या संकोचापायी मी पुन्हा पुन्हा ‘मिळणेबाबत’कडे वळत असे. तसे करू नका. आदर दाखवायला मेलचा मजकूर आहे. बैठकीचा संदर्भही मजकुराच्या पहिल्या वाक्यात घाला, कारण बहुतेक ठिकाणी विषयाच्या पाठोपाठ तेच वाक्य यादीत दिसते आणि ते कुशलमंगल विचारण्यात वाया घालवणे परवडत नाही.

तपासणी सोपी आहे. पहिल्या चार शब्दांनंतरची ओळ बोटाने झाका. काम आणि मुदत उरली, तर ओळ जमली. मग बोट काढून उरलेला भाग पाहा : सहा महिन्यांनी हा मेल शोधताना तुम्ही जो शब्द टाइप कराल, तो त्यात असलाच पाहिजे. येथे तो ‘प्रशिक्षण’ आहे. केवळ ‘वेळापत्रक’ शोधले, तर दहा वेगवेगळे मेल समोर येतील.

मुदत लिहिताना ‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द वर्ज्य समजा. मी एकदा रात्री उशिरा ‘उद्याची बैठक ११ वाजता’ असा विषय पाठवला. दोघांनी तो सकाळी वाचला आणि ते एक दिवस उशिरा हजर झाले. चूक त्यांची नव्हती. तारीखच लिहावी.

‘महत्त्वाचे’, ‘तातडीचे’ हे शब्द काढून टाका. तारीख लिहिली की घाई आपोआप कळते. मेल नुसता माहितीचा असेल, तर ‘माहितीसाठी’ असे सरळ लिहा, म्हणजे वाचणारा तो सवडीने उघडेल. जुन्या मेलचे उत्तर असल्याचा भास व्हावा म्हणून नव्या मेलला ‘Re:’ लावण्याची युक्ती मात्र कधीही करू नये. ती उघडकीस आली की पुढचे मेलही संशयाने पाहिले जातात.

उत्तरांच्या साखळीत बोलणे भलतीकडे गेले असेल, तर विषय बदला. जीमेलमध्ये संगणकावर उत्तर लिहिताना, ज्याला मेल पाठवायचा त्याच्या नावाशेजारच्या बाणावर क्लिक करून ‘Edit subject’ निवडावे. विषय बदलला की तेथून वेगळी साखळी सुरू होते, म्हणून मागचा आवश्यक संदर्भ दोन वाक्यांत पुन्हा लिहावा लागतो.

एका ठिकाणी मात्र ओळ मुद्दाम मोघम ठेवावी. पगार, आजारपण किंवा तक्रार यांचा तपशील विषयात लिहू नये, कारण कुलूपबंद फोनच्या पडद्यावरही विषय झळकू शकतो आणि शेजारी बसलेला तो वाचू शकतो. अशा वेळी ‘उत्तर हवे, १४ जूनपर्यंत : वैयक्तिक’ एवढे पुरते.