मुखपृष्ठावरचे पात्र ओळखताना या चुका टाळा

बार्देशातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मुलांच्या विभागाचे काम मी गेली बरीच वर्षे पाहतो. या विभागातली निम्मी इंग्रजी पुस्तके म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा कुणाच्या तरी माळ्यावरून आलेली आहेत. त्यांतल्या बहुतेकांना आमच्या पावसाळ्याने कुठे ना कुठे चाटलेले असते. कुणाचे शीर्षकाचे पान गळालेले असते, कुणाच्या मुखपृष्ठाची वरची पट्टी बुरशीने खाल्लेली असते. अशा पुस्तकांची नोंद करताना आणि चवथीच्या सुट्टीत मुलांसाठी ‘मुखपृष्ठावरचे पात्र ओळखा’ हा खेळ घेताना त्याच त्या चुका दरवर्षी होताना मी पाहतो. आमच्याकडे सर्वांत जास्त संख्या इंग्रज लेखिका एनिड ब्लायटन यांच्या पुस्तकांची असल्याने उदाहरणे त्यांचीच घेतो. नेमकी त्याच पुस्तकांत माणसे सर्वांत जास्त फसतात.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत वाईट चूक म्हणजे चेहरा आणि केस पाहून निकाल देणे. तिच्याबद्दल मी अधिकाराने बोलतो, कारण ती मी स्वतः भर सभेत केली आहे.

त्या वर्षीच्या खेळात मी ब्लायटन यांच्या ‘फेमस फाइव्ह’ मालिकेतल्या पुस्तकाची एक जुनी प्रत ठेवली होती. चित्रात एक होडी होती, होडीत चार मुले आणि एक मोठा तपकिरी कुत्रा, मागे बेटावर पडक्या किल्ल्याचे बुरूज. वल्ही आखूड कुरळ्या केसांच्या, अर्ध्या चड्डीतल्या एका मुलाच्या हातात होती. शीर्षकाचा बराचसा भाग ओल लागून उडाला होता. होडी वल्हवणारे पात्र कोण, हा माझा प्रश्न होता आणि मी उत्तरपत्रिकेत ‘डिक’ असे लिहून ठेवले होते. मोठा मुलगा ज्युलियन, लहान मुलगी ॲन, मग उरलेल्या दोघांतला वल्हवणारा दणकट मुलगा डिकच असणार, असा माझा हिशेब होता. सातवीतल्या एका मुलीने ‘जॉर्ज’ असे लिहिले आणि मी तिचे गुण कापले. दुसऱ्या दिवशी ती आपल्या आजीला घेऊन आली. सोबत घरची धड प्रत होती. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त खुर्चीवर बसल्या. मुलगी म्हणाली, “काका, त्या बेटाभोवती सगळे खडक आहेत आणि वाट फक्त जॉर्जलाच ठाऊक आहे. मग वल्ही डिककडे कशी असतील?”

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १९४२ साली आलेल्या ‘फाइव्ह ऑन अ ट्रेझर आयलंड’ या फेमस फाइव्ह मालिकेतल्या पहिल्याच पुस्तकात ज्युलियन, डिक आणि ॲन ही भावंडे सुट्टीसाठी काकांकडे येतात आणि चुलत बहीण जॉर्जिना त्यांना पहिल्यांदा भेटते. तिला मुलगी म्हणवून घेणे आवडत नाही, केस ती मुलांसारखे आखूड ठेवते आणि जॉर्ज या नावाखेरीज ओ देत नाही. होडी तिची, किरीन बेट ती आपलेच मानते आणि बुडालेल्या खडकांमधून होडी नेण्याची वाट तीच जाणते. शिवाय ती आणि डिक दोघेही अकरा वर्षांचे असल्याने उंचीचाही उपयोग होत नाही. म्हणजे चेहरा, केस, कपडे आणि उंची या चारही खुणा या दोन पात्रांपुरत्या निकामी आहेत. त्यांतून काही सुटेल असे मानणे हाच मूळ घोटाळा आहे.

त्या दिवसापासून माझी सवय अशी झाली आहे की आधी चित्रातली कृती एका वाक्यात लिहायची आणि पात्राचे नाव त्यानंतरच शोधायचे. ‘कुरळ्या केसांचा मुलगा’ असे न लिहिता ‘खडकांमधून होडी नेणारे मूल’ असे लिहिले की पुस्तकातला तो प्रसंग आपोआप सापडतो आणि प्रसंगाला नाव चिकटलेलेच असते. हीच सवय उलट दिशेनेही वाचवते. समजा, त्याच पुस्तकाच्या एखाद्या आवृत्तीवर आखूड केसांचे एक मूल दोरीच्या आधाराने विहिरीत उतरताना दाखवले असेल, तर माझ्यासारखा पोळलेला माणूस घाईघाईने ‘जॉर्ज’ म्हणून मोकळा होईल आणि पुन्हा चुकेल. त्या प्रसंगात ज्युलियन आणि जॉर्ज तळघरात अडकलेले असतात. बदमाश जॉर्जकडून बाकीच्या दोघांना बोलावणारी चिठ्ठी लिहून घेतात. ती चिठ्ठीखाली मुद्दाम ‘जॉर्जिना’ अशी सही करते, आणि त्या सहीवरूनच डिकला धोका कळतो. विहिरीतून खाली उतरून त्यांना सोडवतो तो डिक. केस तेच, चड्डी तीच, पण विहिरीत डिक आणि होडीत जॉर्ज.

कुत्र्याबद्दलही येथेच सांगतो. जॉर्जचा कुत्रा टिमी ज्याच्या शेजारी तो जॉर्ज, हा मुलांचा आवडता नियम आहे आणि पुष्कळदा तो चालतोही. पण चित्रकाराला रिकामा कोपरा भरायचा असला की तो कुत्रा कुठेही बसवतो. म्हणून टिमीला मी साक्षीदार मानतो, न्यायाधीश मानत नाही.

दुसरी चूक मोजण्याची आहे आणि ती घाईतूनच होते. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाने एकदा एका दुपारी साठ पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवून दाखवल्या आणि त्या वेगाचे मला फार कौतुक सांगितले. पाच मुले आणि कुत्रा दिसला की त्याने ‘फेमस फाइव्ह’ लिहिले होते. आता फेमस फाइव्हमधला पाचवा म्हणजे कुत्राच, मुले चारच. पाच मुले अधिक कुत्रा हे गणित ब्लायटन यांच्याच ‘फाइव्ह फाइंड-आउटर्स’ या दुसऱ्या मालिकेचे आहे. त्यात फॅटी, लॅरी, डेझी, पिप आणि बेट्स ही मुले आहेत आणि बस्टर हा त्यांचा लहानखुरा काळा स्कॉटी कुत्रा. त्या साठांपैकी किती चिठ्ठ्या मला पुन्हा सोडवाव्या लागल्या हे मी सांगत नाही. जुन्या मुखपृष्ठावरचा डिंक काढताना कागदाचा वरचा पापुद्राही निघतो, एवढेच सांगतो.

येथे शीर्षकाची अक्षरे कामाला येतात, फक्त ती कुठे पाहायची हे कळले पाहिजे. नवशिका पाहतो ती लेखिकेची तिरकी, खाली रेघा ओढलेली स्वाक्षरी, कारण मुखपृष्ठावर तीच ठसठशीत असते. पण ती स्वाक्षरी त्यांच्या सगळ्याच मालिकांवर येते, त्यामुळे तिच्यावरून लेखिका कळते, मालिका कळत नाही. पाहायचा तो शीर्षकाचा पहिला शब्द. फेमस फाइव्हच्या एकवीसही मूळ पुस्तकांची शीर्षके ‘फाइव्ह’ या शब्दाने सुरू होतात आणि फाइंड-आउटर्सच्या पंधराही पुस्तकांची ‘द मिस्टरी ऑफ’ या शब्दांनी. ब्लायटन यांच्याच ‘सीक्रेट सेव्हन’ या आणखी एका मालिकेच्या शीर्षकात मालिकेचे नाव कुठे ना कुठे असतेच. म्हणून बुरशीने अर्धे शीर्षक खाल्ले असले तरी पहिले दोन-तीन शब्द शाबूत असले तर मला पुरतात. तेही नसतील तर पुस्तकाची कपाटात दिसणारी बाजू पाहावी. पुढचे चित्र फाटलेले असताना ती पट्टी पुष्कळदा टिकलेली असते.

मालिका आधी ठरवण्याचे कारण नावांच्या घोटाळ्यात आहे. सीक्रेट सेव्हनमध्येही एक जॉर्ज आहे आणि तो खरोखरच मुलगा आहे. तिथला कुत्रा स्कॅम्पर, सोनेरी रंगाचा स्पॅनियल. मालिका न ठरवता ‘कुत्र्याजवळचा जॉर्ज’ असे लिहिणारा माणूस दोन वेगळ्या पुस्तकांतल्या दोन वेगळ्या मुलांना एकाच नावाच्या चिठ्ठीखाली कोंबतो.

मालिकेची चित्रशैली हीसुद्धा आवृत्तीगणिक बदलते, हे आमच्या पिढीला पटायला जड जाते. मराठी मुखपृष्ठ म्हटले की आमच्यासमोर दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर येतात. दोघेही मूळचे गोव्याचे, आणि दोघांचाही हात सही न वाचता ओळखू येतो. त्यामुळे एका मालिकेचा एकच चेहरा असतो अशी आमची समजूत होऊन बसते. फेमस फाइव्हची मूळ चित्रे आयलीन सोपर यांची आहेत, पण पुढच्या आवृत्त्यांसाठी इतरांनी ती नव्याने काढली. १९७८ च्या दूरचित्रवाणी मालिकेनंतर तर नटांची छायाचित्रेच मुखपृष्ठावर आली आणि मुलांच्या अंगावर सत्तरच्या दशकातले कपडे दिसू लागले. म्हणून एका आवृत्तीत लाल स्वेटर घातलेला मुलगा ज्युलियन निघाला, तर दुसऱ्या आवृत्तीतला लाल स्वेटरही ज्युलियनच असेल असे धरू नये. कपड्यांची तुलना एकाच चित्रकाराच्या, एकाच छपाईच्या दोन-तीन पुस्तकांतच करावी. मोबाईलवर पहिले दिसेल ते चित्र शेजारी धरून ‘जुळले’ म्हणणाऱ्यांना मी आता समजावत बसत नाही.

केसांच्या रंगावर विसंबू नका. उन्हात ठेवलेल्या प्रतीत लाल आणि पिवळा आधी उडतात आणि चित्र निळसर होत जाते.

मागचे पानही पाहत जा. पुष्कळदा चित्र पाठीवरून मागे वळलेले असते आणि राहिलेले चौथे मूल तिथे सापडते.

शेवटी एक चूक अशी, जी हुशार मुलेच करतात. मुखपृष्ठावर अनोळखी माणूस दिसला की ती त्याला खलनायक ठरवतात. फाइंड-आउटर्समध्ये हे चालत नाही, कारण फॅटीला वेषांतराचे वेड आहे. हरवलेल्या कंठ्याच्या पुस्तकात तो मेणाच्या पुतळ्यांमध्ये नेपोलियन बनून उभा राहतो, आणि गंमत म्हणजे पोलीस शिपाई गूनही तिथेच पुतळा बनून उभा असतो. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नेपोलियन दिसला तर उत्तर ‘फॅटी’ असे लिहायचे, आणि शेजारी पोलिसाचा पुतळा असेल तर तोही पुतळा आहे असे धरून चालायचे नाही.

पोपट दिसला तर वरचे काहीच लागू होत नाही, कारण आपण ब्लायटन यांच्या ‘अॅडव्हेंचर’ मालिकेत आहोत. तिथे किकी नावाचा पोपट ज्याच्या खांद्यावर तो बहुधा जॅक, आणि ज्याच्या खिशातून किंवा बाहीतून उंदीर डोकावतो तो फिलिप.